लेक वयात येत होती तेव्हा शुगर का वाढली

माझी मुलगी यंदा दहावी झाली. तिला आठव्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस आहे. म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज टोचून द्यावं लागतं. आम्ही पनवेलला राहतो, तिचे बाबा नोकरीसाठी रोज लोकलने मुंबईला जातात आणि तिच्या शुगरचा बराचसा हिशेब घरी मी ठेवते. इथे लिहितेय ते तिच्या सहावी ते आठवीच्या काळाबद्दल. ती वयात येत होती आणि शुगर काही केल्या ताब्यात राहत नव्हती. तिला विचारूनच लिहितेय. पाळीबद्दल लिहू का, असंही विचारलं. म्हणाली, "लिही आई, तेच कोणी सांगत नाही."

निदानानंतरची पहिली तीन वर्षं बरी गेली. अकरा वर्षांची असताना तिचं वजन बत्तीस किलो होतं आणि दिवसाचं सगळं मिळून इन्सुलिन चोवीस युनिट. त्यातलं अकरा युनिट रात्री नऊ वाजता, दिवसभर टिकणारं. बाकीचं जेवणाचं, म्हणजे नाश्त्याला चार, दुपारी चार, रात्री पाच. तिच्यासाठी साधा हिशेब होता. बारा ग्रॅम कार्बला एक युनिट. शुगर जास्त असेल तर एक युनिट जादा दिलं की सुमारे पंचाहत्तरने खाली यायची. तीन महिन्यांची सरासरी, एचबीएवनसी, ७.३ होती. डॉक्टर खूश होते आणि आम्हीही.

सहावीच्या दिवाळीनंतर सकाळची शुगर चढायला लागली. आधी १६०, मग १८०, मग २०० च्या पुढे. दिवाळीचा फराळ म्हणून आम्ही पहिला आठवडा सोडून दिला. पण फराळ संपला तरी आकडे उतरले नाहीत. ती रात्री १४० वर झोपायची आणि सकाळी २३० वर उठायची. मधे काहीही खाल्लेलं नसायचं.

घरात आणि नात्यात सगळ्यांचं एकच मत झालं, की पोर चोरून खाते. कोणी बिस्किटांचे डबे वरच्या फळीवर ठेवायला सांगितलं, कोणी भात बंद करायला सांगितलं. मला ते पटत नव्हतं, कारण ती रात्री माझ्या शेजारीच झोपायची. पण रोज सकाळी मीटरवर २४० बघितलं की माझ्याही तोंडून निघायचं, "काल नक्की काय खाल्लंस?" ती काही बोलायची नाही.

आम्ही आधी नेहमीच्या गोष्टी तपासल्या. त्या प्रत्येकाने तपासाव्यात, म्हणून लिहिते. इन्सुलिनचं नवं कार्ट्रिज उघडलं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वीज जाते, फ्रीज तासन् तास बंद राहतो, आणि उष्णतेने इन्सुलिनचा जोर जातो. पण हा नोव्हेंबर होता. नव्या कार्ट्रिजनेही फरक पडला नाही. मीटर दुसऱ्या मीटरशी ताडून पाहिलं, ते बरोबर होतं. मग पोटावर आणि मांडीवर सुई टोचायच्या जागा बोटांनी दाबून पाहिल्या. एकाच जागी सारखं टोचलं की कातडीखाली मऊ गाठ येते आणि त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. बेंबीच्या डाव्या बाजूला एक गाठ सापडली. ती जागा सोडून दिली. आकडे थोडे उतरले, पण थोडेच.

जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथे डॉक्टरांनी वही चाळली आणि मुलीकडे बघून म्हणाले, "पथ्य ढिलं झालंय. असंच चाललं तर डोळे जातील." ती अकरा वर्षांची होती. घरी येईपर्यंत रिक्षात ती बाहेरच बघत होती.

त्यानंतर वहीतले आकडे सुधारले. १३५, १४२, १२८. मला चार दिवस फार बरं वाटलं. मग एकदा मीटरची मेमरी पाहिली, तर त्या सकाळी २९१ होते आणि वहीत १४०. आकडा जास्त आला की बोलणी बसतात, म्हणून ती वहीत खोटं लिहायला लागली होती. मला राग आला नाही, भीती वाटली. ज्या वहीवर डोस ठरतो तीच खोटी झाली, तर आम्ही अंधारातच चाललो होतो. त्या वेळची एचबीएवनसी आली ९.२.

मग आम्ही परळला मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो. पनवेलहून हार्बरने कुर्ल्याला उतरायचं आणि तिथून मध्य रेल्वेची धीमी गाडी. सकाळची गर्दी, पाठीवर तिची पिशवी, पिशवीत मीटर, ग्लुकोज आणि डबा. आमचा नंबर दुपारी लागला.

मॅडमनी वही बाजूला ठेवली. आधी तिची उंची मोजली आणि मागच्या वर्षीच्या शाळेच्या कार्डावरच्या उंचीशी ताडली. एका वर्षात आठ सेंटिमीटर वाढली होती. त्यांनी तो आकडा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या उंचीच्या आलेखावर मांडून आम्हाला दाखवला. त्याआधीची तीन वर्षं रेघ सावकाश चढत होती, आता ती एकदम उभी झाली होती. मग पडद्याआड नेऊन तिला तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "ही वयात येतेय. अजून पाळी आली नसली तरी शरीर कामाला लागलंय. उंची ज्या कारणाने वाढतेय त्याच कारणाने शुगर वाढतेय. हिने काही चोरून खाल्लेलं नाही."

मुलीने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

मॅडमनी आम्हाला जे समजावलं ते मी घरी येऊन लिहून ठेवलं होतं. वयात येताना अंडाशयातले, मुलांच्या बाबतीत वृषणातले, हार्मोन वाढतात. त्यांच्यामुळे मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी ग्रोथ हार्मोन जास्त सोडते. ते रात्री, गाढ झोपेत, झटक्याझटक्याने बाहेर पडतं. मुलं झोपेत वाढतात असं आपण म्हणतो ते बरंचसं खरं आहे. पण ग्रोथ हार्मोनचं काम इन्सुलिनच्या उलट चालतं. ते साठलेली चरबी सोडवून रक्तात आणतं. स्नायू मग ती चरबी वापरतात आणि साखर आत घेईनासे होतात. यकृतही इन्सुलिनचं पूर्वीइतकं ऐकत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. झटका झोप लागल्यावर येतो, परिणाम काही तासांनी दिसतो. म्हणून झोपताना १४० असलेली शुगर पहाटे चढते.

हे सगळ्याच मुलांना होतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, सगळ्यांना होतं. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये हे मोजलं होतं. वयात येणाऱ्या मुलांमध्ये इन्सुलिनचा परिणाम लहान मुलांपेक्षा आणि मोठ्यांपेक्षाही सुमारे पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी पडत होता, डायबेटिस नसलेल्या मुलांमध्येसुद्धा. फरक इतकाच, की निरोगी मुलाचं स्वादुपिंड गुपचूप जास्त इन्सुलिन सोडतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. हिच्या शरीरात ते सोडणारं कोणी नाही. ते जादा इन्सुलिन आम्हीच मोजून द्यायला हवं होतं, आणि आम्ही जवळपास लहान मुलीचाच डोस देत होतो.

टाइप वनमध्ये आणखी एक भर पडते. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतात पोहोचतं. टोचलेलं इन्सुलिन कातडीखालून सगळीकडे पसरतं, यकृताला त्याचा वाटा कमी मिळतो. त्यामुळे यकृत वाढीला लागणारा एक घटक, आयजीएफ-वन, कमी बनवतं. रक्तात तो कमी दिसला की पिट्युटरीला वाटतं वाढ पुरेशी होत नाही, आणि ती ग्रोथ हार्मोन अजून जास्त सोडते. शुगर अजून चढते. हे ऐकताना मला एकीकडे हायसं वाटत होतं आणि दुसरीकडे या चक्रातून बाहेर कसं पडायचं याची धास्ती वाटत होती.

त्या दिवशी त्यांनी डोस लगेच वाढवला नाही. आधी रात्रीची शुगर तपासून आणायला सांगितली. रात्री दहा, बारा, पहाटे तीन, पाच आणि सकाळी सात. ज्या रात्री जेवण नेहमीचं असेल, संध्याकाळी जास्त खेळ झालेला नसेल आणि ताप-सर्दी नसेल अशाच रात्री. मी गजर लावून उठले. मुलगी झोपेतच बोट पुढे करायची. आकडे असे आले: दहाला १३८, बाराला १३१, तीनला १४९, पाचला १९६, सातला २४३.

यातला पहाटे तीनचा आकडा महत्त्वाचा. तो सत्तरच्या खाली असता तर अर्थ वेगळा झाला असता. रात्रीचं इन्सुलिन जास्त होतंय, शुगर लो होतेय, आणि सकाळचा चढ ही त्या लोची प्रतिक्रिया असू शकते. अशा वेळी डोस वाढवणं धोक्याचं, उलट कमी करावा लागतो. दहालाच २५० असते आणि सकाळपर्यंत तसेच राहिले असते, तर दोष रात्रीच्या जेवणाच्या डोसचा ठरला असता. आमच्याकडे तीनपर्यंत सगळं ठीक होतं आणि नंतर चढ सुरू होत होता. म्हणजे पहाटेचा चढ, हार्मोनचा. सकाळचा एकच आकडा बघून हे तीन प्रकार वेगळे करता येत नाहीत. आम्ही काही महिने तोच एक आकडा बघत बसलो होतो.

मग डोस वाढवायला सुरुवात झाली. रात्रीचं लांब टिकणारं इन्सुलिन दर तीन दिवसांनी दहा टक्क्यांच्या आसपास. तेराचं चौदा, मग सोळा. प्रत्येक वाढीनंतर एका रात्री तीनला तपासायचं. त्यांनी मला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतले आकडे दाखवले. वयात येण्यापूर्वी मुलांना दिवसाला किलोमागे साधारण ०.७ ते १ युनिट लागतं. वयात येताना १.२ च्या पुढे जातं, कधी २ पर्यंतही. मी घरी भागाकार केला. चोवीस भागिले बत्तीस, म्हणजे ०.७५. दवाखान्यात हळूहळू वाढवून तीस युनिटपर्यंत नेलं होतं, पण वजन अडतीस झालं होतं. तीस भागिले अडतीस म्हणजे ०.७९. मला डोस वाढल्यासारखा वाटत होता, पण तो फक्त वजनाच्या मागे चालला होता. हार्मोनसाठी आम्ही काहीच दिलेलं नव्हतं.

हा भागाकार मी आता भेटणाऱ्या प्रत्येक आईला करायला सांगते. दिवसाचं सगळं इन्सुलिन, भागिले वजन. सातवीतल्या मुलीचा आकडा अजून ०.८ असेल आणि शुगर दोनशेच्या वर राहत असेल, तर तिच्या पथ्याच्या आधी डोसबद्दल डॉक्टरांना विचारा.

सातवीच्या मध्यावर, तेरावं लागताना, तिचा डोस सगळ्यात वर गेला. वजन बेचाळीस किलो आणि इन्सुलिन अठ्ठावन्न युनिट, म्हणजे किलोमागे जवळजवळ १.४. रात्रीचं अठ्ठावीस, नाश्त्याला दहा, दुपारी आठ, शाळेतून आल्यावरच्या खाण्याला चार, रात्रीच्या जेवणाला आठ. एक युनिट जादा दिलं की शुगर आता पंचाहत्तरने नाही, तीसेकने उतरायची. पेनवर दहाचा आकडा फिरवताना माझा हात थबकायचा. एवढ्याशा मुलीला दहा युनिट. पहिल्या वर्षी दोन युनिट जास्त गेल्यावर ती कशी थरथरली होती ते मला आठवत होतं.

एक गोष्ट मात्र डोस वाढवून सुटली नाही. रात्रीचं इन्सुलिन अठ्ठावीसच्या पुढे तीस केलं, तेव्हा रात्री एक वाजता ६२ आले. ती घामाने ओली झाली होती. ग्लुकोज पाण्यात घालून पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ९४ आले, मग अर्धी पोळी दिली. पण त्याच दिवशी सकाळी सातला पुन्हा १९०. लांब टिकणारं इन्सुलिन रात्रभर साधारण सारखंच काम करतं. गरज मात्र मध्यरात्री कमी आणि पहाटे जास्त. पहाटेचा चढ पूर्ण झाकायला जावं तर मध्यरात्री लो होते. पंपात तासातासाचा वेगळा वेग लावता येतो, पहाटे तीनपासून जास्त द्या असं सांगता येतं. पण पंपाला काही लाख लागतात आणि वर दर महिन्याचा खर्च. आम्हाला ते झेपणारं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "अठ्ठावीसवर थांबा. सकाळी १५० ते १७० येतील, येऊ द्या. रात्रीची लो नको." मग आम्ही लक्ष सकाळवर ठेवलं. उठल्याबरोबर शुगर बघायची, नाश्त्याचं आणि चढलेल्या शुगरचं इन्सुलिन एकत्र द्यायचं आणि वीस मिनिटं थांबून मग खायचं. पूर्वी टोचलं की लगेच खायची. सकाळी इन्सुलिनचा परिणाम सगळ्यात कमी असतो, म्हणून त्या वेळी तिला पाच ग्रॅम कार्बला एक युनिट लागायचं आणि दुपारी-रात्री आठ ग्रॅमला एक. एकाच मुलीचे दिवसात दोन हिशेब. तक्ता करून फ्रीजवर लावला.

शाळा सकाळची, त्यात ही वीस मिनिटं कुठून आणायची हा प्रश्न होता. मग ठरलं की तोंड धुण्याआधी टोचायचं आणि आंघोळ, वेणी झाल्यावर खायचं. रोज जमलं असं नाही. गाडी चुकायची वेळ आली की टोचून लगेच दोन घास खाऊन पळायची, आणि त्या दिवशी शाळेतला मधल्या सुट्टीचा आकडा २७० यायचा. ज्या दिवशी उठल्यावर शुगर शंभरच्या आत असेल त्या दिवशी थांबायचं नाही, हेही तिला शिकवून ठेवलं.

नाश्ताही बदलला, पण खाणं कमी केलं नाही. आमच्याकडे सकाळी घावन किंवा तांदळाची भाकरी असायची, कधी पोहे. सकाळी हे खाल्लं की दोन तासांनी तीनशे. तेच घावन संध्याकाळी खाल्लं तर तितकं चढत नव्हतं. म्हणून घावन संध्याकाळच्या खाण्यात गेलं आणि सकाळी मुगाचं धिरडं नाहीतर दोन अंडी आणि एक छोटी पोळी. भात पूर्ण बंद करा असं सांगणारे बरेच होते. मॅडमनी त्याला साफ नकार दिला. वाढीच्या वयात खाणं तोडून शुगर उतरवली तर उंची मारली जाते. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली तरी उंची मारली जाते आणि पाळीही लांबते. पुण्याच्या जहांगीर हॉस्पिटलमधल्या डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांचे सहकारी टाइप वनच्या मुलांच्या वाढीवरच अनेक वर्षं काम करत आहेत, असंही त्यांनी सांगितलं. खाणं वयाप्रमाणे आणि इन्सुलिन खाण्याप्रमाणे, या क्रमाने चालायचं.

नात्यातल्या एकांनी सुचवलं, की मोठ्यांना देतात ती मेटफॉर्मिनची गोळी हिलाही द्या, इन्सुलिनचा परिणाम वाढतो. मी ते विचारलं. उत्तर मिळालं की अमेरिकेत टाइप वनच्या मुलांवर हा प्रयोग झाला आहे, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. इन्सुलिन थोडं कमी लागलं, पण सहा महिन्यांनी एचबीएवनसीत फरक दिसला नाही. आम्ही गोळीचा विचार सोडला.

तेराव्या वर्षी तिला पाळी आली. मला वाटलं, आता सुटलो. झालं असं, की पाळीच्या तीन-चार दिवस आधी शुगर कारण नसताना पन्नास-साठने वर राहायची आणि पाळी सुरू झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी धप्पकन उतरायची. एकदा वाढवलेला डोस तसाच चालू ठेवला आणि वर्गात ५८ झाली. मैत्रिणीने दप्तरातलं ग्लुकोज काढून दिलं. पहिलं वर्षभर तिची पाळी अनियमित होती. कधी दीड महिन्याने, कधी तीन आठवड्यांनी, आणि काही महिने शुगर चढायचीच नाही. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला दर महिन्याला अंडं सुटतंच असं नाही, आणि अंडं सुटल्यानंतरच्या हार्मोनमुळेच हा चढ येतो. म्हणून घाईने नियम करू नका, आधी नोंद ठेवा. कॅलेंडरवर पाळीची तारीख आणि शेजारी सकाळची शुगर, एवढंच. वर्षाने चित्र दिसायला लागलं. मग तिचं तिनेच ठरवलं. आधीचे तीन दिवस रात्रीचं इन्सुलिन दहा टक्के जास्त, आणि पाळी दिसल्याबरोबर त्याच रात्री परत खाली. काही मुलींना हा चढ येतच नाही, असंही आम्हाला बाह्यरुग्ण विभागातल्या इतर आयांकडून कळलं.

तिथेच एका मुलाची आई भेटली. तिचा मुलगा आमच्या लेकीच्याच वयाचा, पण तेव्हा त्याची शुगर अगदी सरळ होती. मुलांचं हे वळण मुलींपेक्षा साधारण दोन वर्षं उशिरा येतं. दोन वर्षांनी त्यांच्या घरी तेच सुरू झालं तेव्हा तिने मला फोन केला, आणि मी पहिल्यांदा वजन विचारलं.

मधे एकदा चौदा दिवसांचा दंडावर लावायचा सेन्सर घेतला. तो कायम लावणं परवडत नव्हतं, पण एकदा लावून रात्रीचं सगळं चित्र बघायचं होतं. ७० ते १८० च्या मध्ये ती दिवसातला अठ्ठेचाळीस टक्के वेळ होती. सत्तर टक्के हवा. डोस बसवल्यावर पुन्हा लावला तेव्हा बासष्ट टक्के झाला. एचबीएवनसी ९.२ वरून ८.१ आणि मग ७.९. सातच्या आत आणायची, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. एवढं करूनही ७.९ का, असं मी जरा चिडूनच विचारलं.

तेव्हा मॅडमनी डीसीसीटी नावाच्या मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. अमेरिका आणि कॅनडातला तो अभ्यास. त्यात १३ ते १७ वर्षांची मुलंमुलीही होती आणि त्यांचे निकाल १९९४ मध्ये वेगळे प्रसिद्ध झाले. त्यांच्यातल्या एका गटाला दिवसातून अनेकदा इन्सुलिन किंवा पंप, सारखा डॉक्टरांचा संपर्क, नर्सचे फोन, सगळं होतं. तरी त्या मुलांची सरासरी ८.१ च्या आसपास राहिली. त्याच अभ्यासात असेच उपचार घेणाऱ्या मोठ्या माणसांची सातच्या जवळ आली. नेहमीसारखे उपचार घेणाऱ्या मुलांची मात्र ९.८ होती, आणि ८.१ वाल्या मुलांच्या डोळ्यांचं नुकसान त्यांच्यापेक्षा स्पष्ट कमी झालं. म्हणजे सात गाठता आलं नाही तरी नऊवरून आठवर येणं वाया जात नाही. आता साधनं तेव्हापेक्षा चांगली आहेत, म्हणून उद्दिष्ट सातच ठेवायचं. पण त्या दोन वर्षांत ते हुकलं तर मुलीला दोष द्यायचा नाही.

हे तिच्या समोरच झालं, याचा फायदा झाला. तिने वहीत खरे आकडे लिहायला सुरुवात केली. आम्हीही घरात एक नियम केला. आकडा दिसला की "काय खाल्लंस" विचारायचं नाही, "किती द्यायचं" विचारायचं. आजीला हे जमायला वेळ लागला, पण जमलं.

एका गोष्टीची काळजी मात्र कधी सोडली नाही. शुगर जास्त आहे ती हार्मोनमुळेच, असं धरून चालायचं नाही. २५० च्या वर दोनदा आली, किंवा उलटी, पोटदुखी असेल, तर लघवीत कीटोन बघायचे. त्याच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, एक डबी घरात कायम असते. आठवीत एकदा ३२० होती, पोट दुखत होतं, आणि सगळ्यांना वाटलं पाळी येणार. पट्टी गडद जांभळी झाली. पेनची सुई वाकली होती आणि रात्रीचं इन्सुलिन गेलंच नव्हतं. लगेच फोन केला, सांगितल्याप्रमाणे जादा डोस आणि भरपूर पाणी दिलं, दर दोन तासांनी तपासलं. संध्याकाळपर्यंत पट्टीचा रंग उतरला. उलट्या सुरू झाल्या तर थेट हॉस्पिटल गाठायचं, असं बजावलं होतं.

नववीत असताना उंची वाढायची जवळपास थांबली. त्याच सुमाराला रात्री लो व्हायला लागली. आधी पहाटे ६८, मग ६१, तेही खेळ नसलेल्या दिवशी. आमची सवय वाढवायचीच झाली होती, म्हणून मी आधी रात्रीचं खाणं वाढवायला निघाले होते. मॅडम फोनवर म्हणाल्या, खाणं नको, डोस उतरवा, हिचं वयात येणं पूर्ण होत आलंय. रात्रीचं इन्सुलिन अठ्ठावीसवरून सव्वीस, चोवीस, असं करत बावीसवर आलं. सकाळचा हिशेबही पाचवरून सात ग्रॅमला एक युनिट झाला. आज तिचं वजन पन्नास किलो आहे आणि दिवसाचं इन्सुलिन सेहेचाळीस युनिट, किलोमागे ०.९२. शेवटची एचबीएवनसी ७.२. डोस उतरवतानाही प्रत्येक बदलानंतर मी पहाटे तीनला उठत होते. आता ती स्वतः गजर लावते, मला उठवत नाही, आणि सकाळी आकडा सांगते.